पुस्तकाची मुलाखत: रेडिओवर पंधरा मिनिटांत काय सांगावं, कसं सांगावं?

शिवारवाट

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला गेलेल्या बायांच्या आठवणी मी बरीच वर्षं गोळा करत होते. त्यांचं पुस्तक नुकतंच छापून आलं. नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

आता दोन बोलावणी आली आहेत. एक आकाशवाणीचं, पंधरा मिनिटांची ध्वनिमुद्रित मुलाखत. दुसरं संभाजीनगरच्या तरुण मुलांच्या पॉडकास्टचं, तिथं तासभर बोलायचं आहे आणि व्हिडिओही होणार आहे. वर्गात मी तीस वर्षांच्या वर बोलले, पण तिथं घंटा होईपर्यंत वेळ असायचा आणि पुढच्या तासाला राहिलेलं सांगता यायचं.

मी मुद्दे काढायला बसले तर सव्वीस झाले. बायांचे अनुभव, सुकडी, लाल मिलो, मुकादम, मजुरीची वाट, बाळंतपणं, रोजगार हमी, पुढचं स्थलांतर. यातलं काहीही गाळवत नाही. प्रत्येक बाईनं मला विश्वासानं सांगितलंय. कोणी अशी तयारी केली असेल तर सांगा: किती मुद्दे न्यावेत? उत्तरं लिहून पाठ करावीत का? आणि छोटं उत्तर म्हणजे नेमकं किती छोटं?

मांजराकाठ

अभिनंदन ताई! माझी आज्जी पण खडीवर होती. पुस्तक घेतोच.

रेणापूरकर

मॅडम, सोपं आहे. तुम्हीच पंधरा प्रश्न लिहून पाठवा आणि त्यांना सांगा, हेच विचारा. उत्तरं पाठ करून जा. माझ्या मेव्हण्यानं असंच केलं होतं, एकदाही अडखळला नाही.

ध्वनिलहर

रेणापूरकर, प्रश्न पाठवावेत हे बरोबर. मुलाखत घेणाऱ्यानं पुस्तक चाळलेलं असतं, पूर्ण वाचलेलं असेलच असं नाही, त्यामुळे त्याला मदतच होते. पण पंधरा मिनिटांत पंधरा प्रश्न बसत नाहीत, आणि “हेच विचारा” म्हटलं की समोरचा नुसता यादी वाचतो.

मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते, लेखकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. शिवारवाट ताई, आधी हिशोब मांडू. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात सुरुवातीची आणि शेवटची उद्घोषणा, पाहुण्यांची ओळख यात दीड-दोन मिनिटं जातात. विचारणाऱ्याचे प्रश्न आणि त्याचं मधलं बोलणं आणखी तीन मिनिटं. तुमच्या वाट्याला आली दहा मिनिटं. शांतपणे बोललं तर मराठीत मिनिटाला एकशे दहा-वीस शब्द होतात. म्हणजे सगळे मिळून साधारण अकराशे शब्द, हाताने लिहिलेली पाच-सहा पानं. त्यात सव्वीस मुद्दे घातले तर प्रत्येकाला चाळीस शब्द येतील आणि ऐकणाऱ्याला एकही आठवणार नाही.

तीन मुद्दे न्या. प्रश्न आठ येवोत की दहा, ते या तिघांपैकी कुठल्यातरी एकाशी येऊन थांबले पाहिजेत. नेहमीच्या प्रश्नाला अर्धं मिनिट, म्हणजे पन्नास-साठ शब्द. ज्यात एखादी आठवण सांगायची आहे त्याला एक मिनिट. दीड मिनिटाच्या पुढे उत्तर गेलं की मी स्वतः मध्ये बोलायचे, कारण ऐकणाऱ्याला एकाच आवाजाची सवय होऊन त्याचं लक्ष हलतं.

बाकीचे तेवीस मुद्दे वाया जात नाहीत. ते पुस्तकात आहेतच. आणि पॉडकास्टला तासभर आहे.

उदगीरचा_वाचक

तीनच का? चार का नाही?

ध्वनिलहर

चारही चालतील, तास असेल तर. दहा मिनिटांत प्रत्येक मुद्दा दोनदा तरी वेगवेगळ्या तोंडानं आला पाहिजे, कारण रेडिओ लोक मधूनच लावतात. स्वयंपाक करताना, ट्रॅक्टरवर, टपरीवर. सहाव्या मिनिटाला आलेल्या माणसाला तुम्ही कोण आणि कशावर बोलताय हे कळायला हवं. म्हणून पुस्तकाचं नावही तुमच्या तोंडून दोन-तीनदा सहज यावं. “या पुस्तकात” म्हणण्याऐवजी नाव घ्या.

वैजापूर_एक्सप्रेस

आमच्या सरपंचांनाही कोणीतरी तीन मुद्द्यांचं सांगा हो. ग्रामसभा रात्री संपते.

कवी_गंगाखेड

माझा कवितासंग्रह आला तेव्हा एका केंद्रावर मुलाखत झाली. मला वाटलं कविता वाचायला मिळतील. विचारणारे गृहस्थ सगळा वेळ प्रकाशन समारंभाला कोण कोण आलं होतं ते विचारत राहिले. दोन ओळी वाचू दिल्या. फार वाईट वाटलं. कवितेच्या पुस्तकाला तरी निम्मा वेळ वाचनाला द्यावा की नाही? लेखकांनी यावर एकत्र येऊन काहीतरी मागणी केली पाहिजे.

ध्वनिलहर

कवी_गंगाखेड, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. यावर एक उपाय लेखकाच्या हातात असतो. ध्वनिमुद्रणाआधी दहा मिनिटं चहाला बसतात ना, तेव्हाच सांगायचं: “मी एक मिनिटाचा उतारा काढून आणलाय, तो चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर घेऊ या का?” विचारणाऱ्याला तयार उतारा मिळाला की तो आनंदानं जागा करून देतो. समारंभाचा प्रश्न आलाच तर एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि तिथूनच कवितेकडे वळायचं. “पंचवीस-तीस मंडळी होती, आणि त्यातल्या एका शेतकऱ्यानं जी कविता पुन्हा वाचायला लावली ती अशी...” तुम्ही प्रश्नाचं उत्तरही दिलं आणि कविताही सुरू झाली.

शिवारवाट ताई, तुम्हीही उतारा काढा. शंभर-सव्वाशे शब्द. छापील वाक्य लांब असेल तर वाचनाच्या प्रतीत त्याचे दोन तुकडे करा. एखादी बाई बोलतेय असाच उतारा घ्या, तुमचं विवेचन नको.

शिवारवाट

ध्वनिलहर ताई, हिशोबानं डोळे उघडले. आज सकाळी बसून तीन मुद्दे काढले. बघा जमतंय का:

पहिला, मराठवाड्यातले किती तरी पाझर तलाव आणि रस्ते ज्या बायांच्या हातांनी झाले त्यांचं नाव कुठंच नोंदलेलं नाही. दुसरा, दुष्काळ म्हणजे नुसती उपासमार नव्हती. पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं मजुरी हातात पडली आणि घरातलं त्यांचं स्थान बदललं, असं बऱ्याच जणी सांगतात. तिसरा, या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायचं असेल तर आत्ताच ऐकावं लागेल.

आणि पहिला प्रश्न येणारच, “पुस्तकाची कल्पना कशी सुचली?” त्याचं मी लिहिलेलं उत्तर असं:

“लहानपणापासून मला वाचनाची आवड होती. माझे वडील शेतकरी, त्यामुळे ग्रामीण जीवन मी जवळून पाहिलं. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, ज्याचे दूरगामी सामाजिक आणि आर्थिक परिणाम झाले. या विषयावर अनेक अंगांनी लेखन झालेलं आहे, परंतु स्त्रियांच्या दृष्टिकोनातून त्याकडे फारसं पाहिलं गेलेलं नाही असं मला जाणवलं. पुढे शिक्षिका म्हणून काम करताना अनेक कुटुंबांशी संपर्क आला आणि त्यातून ही कल्पना हळूहळू आकार घेत गेली.”

माळरान

ताई, हे मनोगतासारखं झालंय. छापायला छान, ऐकायला जड.

ध्वनिलहर

मुद्दे उत्तम आहेत. तिसरा तर शेवटच्या प्रश्नाला राखून ठेवा.

उत्तराबद्दल माळरान म्हणतात तेच. “दूरगामी सामाजिक आणि आर्थिक परिणाम” हे शब्द कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात. एक विचारते: ज्या दिवशी तुम्हाला वाटलं की हे लिहायलाच पाहिजे, त्या दिवशी काय घडलं होतं? कुठं होतात, कोण काय म्हणालं?

शिवारवाट

तसा एक प्रसंग आहे, पुस्तकात शेवटी आलाय. आमच्या गावाजवळ पाझर तलाव आहे. मी पाचवीच्या मुलांना तिथं नेलं होतं आणि विचारलं की हा कोणी बांधला. सगळी म्हणाली, सरकारनं. त्यातल्याच एका मुलीची आजी त्या तलावावर माती वाहत होती, हे मला माहीत होतं. त्या मुलीला माहीत नव्हतं.

ध्वनिलहर

ताई, हेच तुमचं उत्तर. तुमचेच शब्द घेऊन थोडं बसवते:

“आमच्या गावाजवळ एक पाझर तलाव आहे. एकदा पाचवीच्या मुलांना मी विचारलं, हा कोणी बांधला? सगळी म्हणाली, सरकारनं. त्याच वर्गातल्या एका मुलीची आजी त्या तलावावर डोक्यावरून माती वाहत होती, आणि नातीला ते ठाऊकच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ज्या बायांनी हे तलाव उभे केले, त्यांच्याच तोंडून ते ऐकावं, म्हणून हे पुस्तक.”

अर्धं मिनिट. यात साल आलं, विषय आला, तुम्ही शिक्षिका आहात हे न सांगता कळलं आणि पहिला मुद्दा आला. शेवटचं वाक्य पूर्ण झालं की थांबा. लेखक हमखास तिथं “आणि म्हणजे असं की...” करून पुढं ओढतात आणि चांगलं वाक्य विरघळून जातं. गप्प बसलात की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पुढचा प्रश्न बहुधा “ती आजी आहे का आता?” असाच असेल.

आणि हे पाठ करू नका. कार्डावर चारच शब्द लिहा: तलाव, सरकारनं, नात, तोंडून. प्रत्येक वेळी वाक्य थोडं वेगळं होऊ द्या. पाठ केलेलं उत्तर ऐकताना लगेच कळतं, कारण बोलणारा श्वास चुकीच्या जागी घेतो आणि प्रश्न थोडा वेगळा आला तरी तेच म्हणून टाकतो.

रेणापूरकर

पाठ केल्याशिवाय धीर येत नाही हो सगळ्यांना. सगळेच काही निवेदक नसतात.

ध्वनिलहर

मान्य. ज्यांना फारच धडधडतं त्यांनी पहिल्या उत्तराचं पहिलं वाक्य आणि शेवटच्या उत्तराचं शेवटचं वाक्य, एवढी दोन पाठ करावीत. सुरुवात नीट झाली की आवाज बसतो.

जुनी_नोंदवही

उशिरा आलो. मी जिल्हा गॅझेटियर, जुने अहवाल यात रमणारा माणूस, तेव्हा तपशिलाचं बोलतो. शिवारवाट मॅडम, सहज विचारतो, बोलताना तुम्ही “लातूर जिल्ह्यात १९७२ साली” असं म्हणणार आहात का?

शिवारवाट

हो, तसंच म्हणते नेहमी. का?

जुनी_नोंदवही

लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. बहात्तरला मराठवाड्यात पाचच जिल्हे: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला झालं. ऐकणाऱ्यांत ज्यांनी तो काळ पाहिलाय ते लगेच पकडतील, आणि मग त्यांचा बाकीच्यावरचा विश्वास कमी होईल. बोलताना लांब खुलासा करू नका. “आमचा औसा तालुका, लातूर जिल्हा तेव्हा झालाच नव्हता” एवढं पुरे.

पुस्तकात जिथं उस्मानाबाद आहे तिथं विचारणारा धाराशिव म्हणेल. गोंधळू नका, कागदपत्रातलं जुनं नाव एकदा सांगा आणि पुढं चालू ठेवा.

खरीप_२०

रोजगार हमीचा कायदा ७२ च्या दुष्काळातच झाला ना? ते पण सांगा मॅडम, देशाला मराठवाड्यानं दिलेली देणगी आहे ती.

जुनी_नोंदवही

खरीप, निम्मं बरोबर. योजनेची सुरुवात दुष्काळाच्या आधीची. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकारानं प्रयोग झाला होता, आणि तासगाव सांगली जिल्ह्यात. १९७२ साली योजना राज्यभर जाहीर झाली, पण दुष्काळ इतका मोठा होता की प्रत्यक्षात टंचाईची कामंच चालली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक त्या कामांवर होते. कायदा झाला १९७७ ला आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. देशाचा कायदा आला २००५ ला.

पण हे सगळं रेडिओवर सांगायचं नाही!

ध्वनिलहर

बरोबर. एका उत्तरात एकच आकडा. जुनी_नोंदवही यांच्या यादीतून मी फक्त ५० लाख उचलेन आणि तोही असा: “त्रेहत्तरच्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यातल्या मोजक्या बायांशी मी बोलले.” रोजगार हमीचा प्रश्न आलाच तर, “रोजगार हमीची कल्पना आधीची होती, पण तिचा कायदा व्हायला या दुष्काळानं मोठा रेटा दिला. तो कायदा आला सत्त्याहत्तर साली.” संपलं.

बाकीचे आकडे, तारखा, गावांची नावं एका वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. तो कागद वाचायचा नाही, आठवलं नाही तर नजर टाकायची. आठवणच येईना तर “सत्तरच्या दशकाच्या शेवटी” म्हणा. चुकीचं साल ठामपणे सांगण्यापेक्षा ते बरं.

शिवारवाट

जुनी_नोंदवही सर, फार आभार. मजुरीच्या आकड्याचं काय करू? प्रत्येक बाई वेगळा सांगते. मी पुस्तकात जिचा तिचा तसाच ठेवलाय.

जुनी_नोंदवही

मग बोलतानाही तसंच ठेवा. कामाच्या मोजमापावर मजुरी असायची, गावोगाव आणि आठवड्याआठवड्याला फरक पडायचा. “किती मिळायची यावर त्यांचं एकमत नाही, पण उशिरा मिळायची यावर सगळ्यांचं आहे” असं म्हणता येतंय का बघा. तुमच्या मुलाखतींत तसं असेल तरच.

शिवारवाट

आहे, अगदी तसंच आहे! हे वाक्य घेतलं.

लिंबोणी

मीपण नुकतंच पुस्तक काढलंय, पाककृतींचं. आकाशवाणीवर मुलाखत कशी मिळते? कोणाला फोन करावा?

ध्वनिलहर

लिंबोणी, जवळच्या केंद्राच्या कार्यक्रम विभागाला पुस्तकाची एक प्रत, एका पानाचं पत्र आणि तुमच्याबद्दल चार ओळी पाठवा. पत्रात सांगा की तुम्ही कशावर बोलू शकता; महिलांच्या कार्यक्रमाला तुमचा विषय चालेल. इथं विषय वेगळा चाललाय, हवं तर नवा धागा काढा, मी तिथं येते.

नामांतर_पिढी

मला एक वेगळी काळजी वाटते. दुष्काळावर बोलायचं आणि सरकारच्या चुकांवर बोलायचं नाही, असं आकाशवाणीवर होईल का? धान्य सडलं, मजुरी थकली, मुकादमांनी लुबाडलं, हे कोण सांगणार?

ध्वनिलहर

स्पष्ट सांगते. आकाशवाणीची प्रसारण संहिता आहे. त्यात कुठल्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला, राज्य किंवा केंद्र सरकारवर शत्रुत्वाची टीका, धर्म-जातींवर टीका, न्यायालयाबद्दल अनुदार उद्गार हे चालत नाही. ध्वनिमुद्रित मुलाखतीत तेवढं वाक्य कापलं जातं, आणि कापताना त्याच्या पुढचं-मागचंही जातं. तुमची चांगली आठवण त्या कात्रीत सापडू नये.

पण अनुभव सांगायला कोणी अडवत नाही. “अमुक पक्षानं लोकांना उपाशी मारलं” हे जाईल. “एक बाई सांगते, तीन आठवडे काम करून मस्टरवर नावच सापडलं नाही, मग घरची भांडी गहाण ठेवली” हे राहील, आणि ऐकणाऱ्याला त्यातून जे कळायचं ते कळेल. किंमत, प्रकाशकाचा फोन, कुठं मिळेल हेही तिथं सांगू देत नाहीत, ती जाहिरात ठरते. नाव मात्र सांगता येतं.

नामांतर_पिढी

हे मला पटत नाही. जबाबदारी कोणाची हे न सांगता नुसती आठवण सांगितली तर दुष्काळ निसर्गानंच केला असं लोकांना वाटतं. शिवारवाट ताईंनी हा भाग पॉडकास्टमध्ये तरी ठणकावून सांगावा.

शिवारवाट

नामांतर_पिढी, पॉडकास्टसाठी हा चौथा मुद्दा म्हणून घेते. पुस्तकात त्यावर प्रकरण आहे.

कॅमेरामागचा

पॉडकास्टबद्दल मी बोलतो, मी संकलन करतो अशा कार्यक्रमांचं. तीन गोष्टी लक्षात ठेवा मॅडम.

तासाभराचा कार्यक्रम पूर्ण बघणारे कमी, त्यातून काढलेले एक-एक मिनिटाचे तुकडे बघणारे जास्त. त्या तुकड्यात विचारणाऱ्याचा प्रश्न बहुतेक नसतो. तेव्हा “हो, अगदी बरोबर, तेच तर” अशी सुरुवात केली तर तो तुकडा वापरता येत नाही. प्रश्नातला विषय उत्तराच्या पहिल्या वाक्यात घ्या. “सुकडी कशी असायची?” असं विचारलं तर “गोडसर असायची” नको, “कामावर जी सुकडी मिळायची ती...” असं सुरू करा.

दुसरं, बोलताना चुकलात तर मधूनच दुरुस्त करू नका. थांबा, दोन सेकंद गप्प राहा, आणि ते वाक्य पहिल्यापासून पूर्ण म्हणा. मग मला स्वच्छ कापता येतं. “बहात्तर, नाही नाही, त्रेहत्तर” असं झालं की कात्री लावायला जागाच राहत नाही.

तिसरं, जे बाहेर जायला नको ते रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर “ते काढा हं” म्हटलेलं आमच्याकडून राहून जातं, खोटं कशाला बोलू.

बयोआज्जीची_नात

कॅमेरामागचा यांच्या तिसऱ्या मुद्द्यावरून विचारते. ताई, पुस्तकात मुकादमांच्या वागण्याबद्दल बोलणाऱ्या बायाही असतील. त्यांची नावं तुम्ही बदलली असतील. पण बोलण्याच्या ओघात “आमच्या शेजारच्या गावची, जिचा मुलगा आता अमुक आहे” असं निघून गेलं तर? आमच्या भागात तेवढ्यावर माणूस ओळखू येतं.

शिवारवाट

हे मला रात्री झोपू देत नाहीये. एका बाईनं मला जे सांगितलं ते तिच्या सुनेलाही ठाऊक नाही.

ध्वनिलहर

मग त्या आठवणीसाठी वेगळं कार्ड करा, आणि त्यावर काय सांगायचं त्याआधी काय सांगायचं नाही ते लिहा: गाव, नातं, मुलगा काय करतो, आज वय किती. एक वाक्य तयार ठेवा: “तिचं नाव पुस्तकात बदललंय आणि इथं मी तिचं गावही सांगणार नाही, पण ती म्हणाली ते सांगते.” विचारणाऱ्यानं कुतूहलानं पुन्हा विचारलं तर तेच वाक्य परत, आवाज न चढवता. पॉडकास्टच्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ते तिथं खोदणार नाहीत. आणि तरीही धास्ती वाटत असेल तर ती आठवण बोलण्यातून गाळा. पुस्तकात ती शांतपणे वाचली जाईल, एक मिनिटाच्या तुकड्यात तिचं काय होईल यावर तुमचा ताबा नाही.

कॅमेरामागचा

सहमत. असल्या गोष्टीचाच तुकडा सगळ्यात जास्त फिरतो.

मांजराकाठ

भाषा कुठली ठेवायची? ताई आमच्याकडच्या, बाया आमच्याकडच्या. आज्जी म्हणायची, “कामून रडायलाव, काम लागलंय की.” हे प्रमाण भाषेत सांगितलं तर जीवच जातो त्यातला.

रेणापूरकर

आकाशवाणीवर शुद्धच बोलावं. पुण्या-मुंबईचे लोक ऐकतात, त्यांना वाटेल लेखिकेला बोलता येत नाही.

मांजराकाठ

मराठवाड्यातल्या केंद्रावर मराठवाड्याची बोली लाजायची का, रेणापूरकर?

ध्वनिलहर

माझं मत: बाई बोलतेय तेव्हा तिची बोली, तुम्ही सांगताय तेव्हा तुम्ही रोज जसं बोलता तसं. पण बोलीची नक्कल होऊ देऊ नका, ऐकणाऱ्याला हसू आलं की आठवण गेली. तुमची स्वतःची बोली तीच असेल तर प्रश्नच नाही.

उदगीरचा_वाचक

यावर आमच्या घरात दोन गट पडलेत. आई म्हणते शुद्ध, बाबा म्हणतात बोली. निकाल लागेल असं दिसत नाही.

शिवारवाट

मंडळी, काल रात्री कार्डं घेऊन बसले आणि फोनवर रेकॉर्ड केलं. शेजारच्या जाऊबाईंना ऐकवलं. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. ध्वनिलहर ताईंनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं होतं तसं, ऐकून झाल्यावर काय लक्षात राहिलं तेवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, “ती नात, अन् मस्टरवर नाव नव्हतं ती बाई, अन् मजुरी उशिरा.” दुसरा मुद्दा, घरातलं स्थान बदलल्याचा, त्यांना अजिबात आठवला नाही. म्हणजे तो मी नीट सांगत नाहीये.

ध्वनिलहर

छान परीक्षा घेतलीत. तो मुद्दा तुम्ही कसा सांगितला?

शिवारवाट

“आर्थिक स्वातंत्र्यामुळे स्त्रियांचा आत्मविश्वास वाढला” असं काहीतरी.

ध्वनिलहर

त्यात बाई कुठंय? पुस्तकातली अशी एक शोधा जिनं पहिल्या मजुरीतून स्वतःच्या मनानं काहीतरी घेतलं.

शिवारवाट

आहे. एकीनं मुलीसाठी पाटी-पेन्सिल घेतली, नवऱ्याला न विचारता. ती मुलगी पुढं अंगणवाडीत लागली. त्या आजी सांगतात, “पैला पगार अन् पैली पाटी, दोनी माझ्या हातानं.” मुलीची परवानगी आहे, नाव घेता येतं.

ध्वनिलहर

मग दुसरा मुद्दा म्हणजे ही पाटी. कार्डावर तेवढंच लिहा. आणि वाचायचा उताराही हाच घ्या.

मांजराकाठ

आणि “पैली”च म्हणा ताई, “पहिली” नका म्हणू.

जुनी_नोंदवही

स्टुडिओत कागद एका बाजूनेच लिहिलेले आणि सुटे न्या, पिनेनं जोडलेले नकोत. पान उलटलं की माइकवर खडखड येते. बांगड्याही.

शिवारवाट

बांगड्या काढून ठेवते सर. ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यात आहे. पॉडकास्टच्या मुलांना त्या एका आठवणीबद्दल आजच फोन केला, त्यांनी मान्य केलं. नामांतर_पिढी, चौथ्या मुद्द्याचं अर्ध्या मिनिटाचं उत्तर अजून जमत नाहीये. मस्टरवरच्या बाईपासून सुरू केलं तरी शेवटी माझं भाषण होतंय. काही सुचतंय का?

नामांतर_पिढी

ताई, त्या बाईनं मस्टरवर नाव नाही म्हणून कोणाकडे दाद मागितली होती? तहसीलला गेली होती का? गेली असेल तर तिथं तिला काय उत्तर मिळालं, त्या वाक्यावर थांबा. जबाबदारी कोणाची ते तिथंच कळेल.

शिवारवाट

गेली होती. आणि उत्तर माझ्या टिपणवहीत आहे, पुस्तकात घ्यायचं राहिलं. वही काढते.